छोट्या हॉटेलसाठी अग्निशमनचा ना हरकत दाखला: पत्रात नेमके काय लिहायचे

विश्रामबागेतल्या एका ताईंनी थाळी आणि नाष्ट्याचे हॉटेल काढायचे ठरवले. गाळा भाड्याने घेतला, रंगकाम झाले, टेबलखुर्च्या आल्या. महापालिकेच्या व्यवसाय परवान्यासाठी अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला लागेल, असे कळल्यावर त्यांनी रात्री बसून एक पत्र लिहिले आणि सकाळी माझ्याकडे वाचायला आणले. मी सांगलीत दुकान-हॉटेलवाल्यांच्या परवान्यांची कागदपत्रे करून देतो, त्यामुळे अशी पत्रे माझ्या हातून बरीच जातात. पत्र असे होते:

"महोदय, मी वरील पत्त्यावर हॉटेल सुरू करीत असून सुमारे 50 ग्राहकांच्या बैठकीची सुसज्ज व्यवस्था केली आहे. आगीपासून संरक्षणाची सर्व आवश्यक ती खबरदारी घेतलेली आहे. तरी ना हरकत दाखला मिळावा, ही नम्र विनंती."

अक्षर सुंदर, भाषा नम्र. पण हे पत्र घेऊन तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला जागेवर पडताळून बघता येईल असे त्यात काहीच नव्हते. "सर्व आवश्यक ती खबरदारी" म्हणजे कोणती? आणि एकच आकडा होता, 50, तोच ताईंना सगळ्यात महागात पडणार होता. तो आकडा का अडतो हे कळले की पत्राची बाकीची मांडणी आपोआप कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016 मध्ये आगीच्या दृष्टीने इमारतींचे गट पाडले आहेत. ज्या इमारतीत किंवा इमारतीच्या भागात 50 किंवा त्याहून जास्त माणसे जमतात, ती जागा लोक एकत्र जमण्याच्या गटात जाते. नाट्यगृह, मंगल कार्यालय, मोठे उपाहारगृह हे सगळे त्या गटातले. तिथे बाहेर पडायच्या वाटा, दरवाजांची रुंदी, आग विझवायची यंत्रणा या सगळ्यांच्या अटी वाढतात. सहाशे चौरस फुटांच्या गाळ्यात त्या पाळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजे ताईंनी अभिमानाने जो आकडा लिहिला होता, त्याने त्यांचे छोटे हॉटेल कागदावर मंगल कार्यालयाच्या रांगेत जाऊन बसले असते.

मी विचारले, "ताई, 50 आले कुठून?" त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. आत आठ टेबले, प्रत्येकी चार खुर्च्या, म्हणजे 32. वर पोटमाळा आहे, तिथे 12. बाहेर फूटपाथला लागून बाकडी, तिथे 6. झाले 50.

आम्ही टेप घेऊन गाळ्यावर गेलो. जेवणाची जागा 24 फूट लांब आणि 18 फूट रुंद, म्हणजे 432 चौरस फूट. चौरस मीटरमध्ये साधारण 40. संहितेत जेवणाच्या दालनासाठी दर माणशी 1.5 चौरस मीटर असा हिशेब धरतात. 40 ला 1.5 ने भागले की 26 येतात. हा आकडा म्हणजे खुर्च्यांवरचे बंधन नाही. आग लागली तर एकाच वेळी किती माणसे दाराकडे धावतील, याचा अंदाज बांधण्यासाठी तो धरतात. पण आपल्या पत्रातल्या खुर्च्या त्याहून जास्त दिसल्या की अधिकारी विचारणारच, मग चालायची वाट कुठे ठेवली? ताईंनी दोन टेबले कमी केली. सहा टेबले, 24 खुर्च्या. दोन टेबलांच्या मधून ताट घेऊन चालणारा वाढपी कोणाला धक्का न देता जाऊ लागला, तेव्हा त्यांनाच पटले.

बाहेरची बाकडी रस्त्याच्या जागेत होती, ती पत्रात यायचा प्रश्नच नव्हता. राहिला पोटमाळा. मालकाने तो नंतर ठोकून घेतलेला, मंजूर नकाशात त्याचा पत्ता नाही. वर जायला लोखंडी शिडी, तीही स्वयंपाकघराच्या दाराशेजारून. आग लागली तर सुरुवात स्वयंपाकघरातून होणार, धूर आणि गरम हवा वर चढणार, आणि वर बसलेल्यांची उतरायची वाट मात्र आगीच्याच तोंडाशी. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या एका छोट्या हॉटेलात गॅसचा स्फोट होऊन आग लागली, तेव्हा आठ जण गेले, त्यांतली बहुतेक कॉलेजची मुले होती. ती वरच्या पोटमाळ्यावर जेवायला बसली होती. हे मी ताईंना सांगितले. त्या बराच वेळ त्या शिडीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काढून टाकू या." मालकाशी बोलून आठवड्याभरात पोटमाळा उतरवला.

इथे एक गैरसमज दूर करतो. अग्निशमनचा दाखला मिळाला म्हणजे बेकायदा बांधकाम नियमित झाले, असे होत नाही. अग्निशमन विभाग आगीच्या बाजूने बघतो आणि नगररचना विभाग बांधकामाच्या बाजूने. नकाशात नसलेली जागा पत्रात लिहिली की ती नकाशाशी जुळत नाही म्हणून अडकते, आणि न लिहिली तर तपासणीत सापडते.

आता ही जबाबदारी नेमकी कोणाची? आपल्याकडे यासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 आहे. त्याच्या कलम 3 मध्ये विकासक, मालक आणि भोगवटादार या सगळ्यांना जबाबदार धरले आहे. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. म्हणजे गाळा भाड्याचा असला तरी "ते मालकाने बघायचे" म्हणून भाडेकरूला सुटता येत नाही. पत्रात आपण मालक की भाडेकरू हे पहिल्याच वाक्यात लिहायचे ते यासाठी. भाडेकरू असाल तर मालकाचे संमतीपत्र जोडायचे.

पत्र कोणाला, हेही हद्दीवर ठरते. सांगली, मिरज, कुपवाड शहरात जागा असेल तर महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना. सातारा शहरात नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाला. गाळा एमआयडीसीच्या हद्दीत असेल तर एमआयडीसीचा स्वतःचा अग्निशमन विभाग आहे, पत्र तिकडे. कुपवाडकडच्या लोकांची यात हमखास गल्लत होते, कारण रस्त्याची एक बाजू महापालिकेत आणि दुसरी एमआयडीसीत असू शकते. म्हणून पत्र लिहायच्या आधी हद्दीची खात्री करून घ्या.

पुढचा मुद्दा गॅसचा. छोट्या हॉटेलच्या पत्रात सगळ्यात काळजीने लिहायचा परिच्छेद हाच.

व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा असतो. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर हॉटेलात वापरायला मनाई आहे. तपासणीच्या दिवशी मागच्या कोपऱ्यात एक लाल सिलिंडर दिसला तरी बाकीची सगळी तयारी वाया जाते. मग किती सिलिंडर ठेवता येतात? गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे एका वेळी 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला वेगळा साठवणूक परवाना लागत नाही. पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो. सहावा आला की 114. ताईंकडे सात होते, कारण सणासुदीला गाडी उशिरा येते म्हणून गॅसवाल्याने आधीच देऊन ठेवलेले. सात म्हणजे 133 किलो. त्या म्हणाल्या, "पण त्यातले तीन रिकामे आहेत." रिकाम्या म्हणवणाऱ्या सिलिंडरमध्येही थोडा गॅस उरतोच, आणि भरलेला कुठला, रिकामा कुठला हे गर्दीच्या वेळी कोणी बघत नाही. मी रिकामेही भरलेले धरूनच मोजतो. शेवटी चारच ठेवायचे ठरले. दोन जोडलेले, दोन राखीव, एकूण 76 किलो.

सिलिंडर कुठे ठेवलेत हे किती ठेवलेत याइतकेच महत्त्वाचे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागा शोधतो. गटार, चेंबर, तळघर अशा ठिकाणी तो साठतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीने पेटू शकतो, आणि ती ठिणगी फ्रिजच्या बटणातूनही मिळते. ताईंच्या गाळ्यामागे मोकळी बोळ आहे. तिथे जाळीचा पिंजरा करून घेतला, पण गवंड्याने तो सांडपाण्याच्या चेंबरला खेटून बांधला. चेंबरचे झाकण तडकलेले. पिंजरा उचलून बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि झाकण बदलले. पिंजऱ्याला खालून आणि वरून हवा खेळती राहील एवढी जागा हवी, सिलिंडर उभे हवेत, आणि पिंजऱ्यापासून शेगडीपर्यंत रबरी नळीची वेटोळी न घालता पक्की पाइपलाइन हवी. शेगडीजवळ हाताला येईल असा एक बंद करायचा व्हॉल्व्ह, आणि पिंजऱ्याशी दुसरा. आत आग लागली तर बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करता यायला हवा.

आता आग विझवायच्या उपकरणांकडे येऊ. बाजारातून चार लाल नळकांडी आणून भिंतीला टांगली की काम झाले, असे बऱ्याच जणांना वाटते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मात्र एक वेगळीच आग असते, ती तळणीच्या तेलाची. कढईतले तेल तापत तापत साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास गेले की कोणी काडी न लावताही स्वतःच पेट घेते. अशा कढईत पाणी ओतले तर पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ शेकडो पट फुगून पेटते तेल छतापर्यंत उडवते. पाव किलो पाण्याने अख्खे स्वयंपाकघर पेटू शकते. नेहमीच्या एबीसी पावडरच्या उपकरणाने ज्वाळा खाली बसते, पण तेल तेवढेच गरम राहते, म्हणून ते थोड्या वेळात पुन्हा पेटू शकते. यासाठी वेगळे द्रावण भरलेले उपकरण मिळते, विक्रेते त्याला के टाइप म्हणतात. ते द्रावण गरम तेलावर पडले की तेलाशी मिळून साबणासारखा थर धरते. तो थर हवा तोडतो आणि तेल थंडही करतो. तळण करणाऱ्या हॉटेलने हेच घ्यावे असे माझे ठाम मत आहे, भले पावडरपेक्षा महाग पडो.

ताईंनी तीन उपकरणे घेतली. स्वयंपाकघरात के टाइप, जेवणाच्या दालनात दर्शनी दाराजवळ 6 किलोचे एबीसी पावडर, आणि मीटर बोर्डजवळ 4.5 किलोचे कार्बन डायऑक्साइड, कारण चालू विजेवर पाणी किंवा फेस मारायचा नसतो. जोडीला वाळूच्या दोन बादल्या. के टाइप आधी शेगडीच्या बरोबर वरच्या खिळ्याला टांगले होते. कढई पेटली तर उपकरण घ्यायला ज्वाळेतून हात घालावा लागला असता. ते काढून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी लावले, म्हणजे आचारी दाराकडे पाठ ठेवून उभा राहील आणि आटोक्यात आले नाही तर तसाच मागे सरत बाहेर पडेल.

उपकरणांच्या बाबतीत एक फसगत झाली, ती सांगून ठेवतो. एका विक्रेत्याने उपकरणांबरोबर स्वतःच्या लेटरहेडवर "फायर सर्टिफिकेट" छापून दिले. ताईंना वाटले, हाच तो कागद. तसे नाही. 2006 च्या अधिनियमाप्रमाणे उपकरणे बसवण्याचे आणि देखभालीचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीचेच चालते, आणि तो परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक देतात. बसवल्यावर एजन्सी फॉर्म ए देते. पुढे उपकरणे चालू स्थितीत आहेत असा फॉर्म बी दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. पैसे देण्याआधी एजन्सीच्या परवान्याची प्रत मागून घ्या. त्यावरचा क्रमांक आणि मुदत स्वतः वाचा. त्या विक्रेत्याकडे परवाना नव्हता. दुसऱ्या एजन्सीकडून सगळे पुन्हा तपासून घ्यावे लागले, त्यात पंधरा दिवस गेले.

बाहेर पडायच्या वाटेचे एवढेच सांगतो. दर्शनी शटर उघड्या वेळात पूर्ण वर असले पाहिजे. पण शटर हा भरवशाचा दरवाजा नाही, अर्ध्यात अडकला तर सगळेच अडकतात, म्हणून दुसरी वाट हवीच. ताईंच्या स्वयंपाकघराला मागे साडेतीन फुटांचा दरवाजा होता, एक मीटरहून थोडा जास्त. चांगला होता, फक्त त्याच्यासमोर तांदळाची पोती आणि जुना फ्रिज होता. पत्रात "मागील दरवाजा मोकळा आहे" असे लिहायच्या आधी तो मोकळा करायचा, आणि कडी आतून बिनकिल्लीची उघडेल अशी ठेवायची. छताला प्लास्टिकच्या वेली आणि थर्माकोलची सजावट लावणार होत्या, तीही रद्द केली. ते जळताना वितळून थेंब थेंब खाली पडते.

एवढे सगळे झाल्यावर आम्ही पत्र पुन्हा लिहिले. महापालिकेचा छापील अर्ज किंवा ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरायचाच. हे पत्र त्याच्याबरोबर जाते, आणि फॉर्मच्या चौकटीत न मावणारी माहिती देते. ताईंचे शेवटचे पत्र असे होते. नाव-पत्त्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, तुम्ही तुमच्या भरा. आकडे मात्र तुमच्या जागेचे मोजून लिहा, ताईंचे उतरवू नका.

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
अग्निशमन विभाग,
सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका, सांगली.

दिनांक: ………

अर्जदार: श्रीमती ………, भोगवटादार (भाडेकरू), गाळा क्र. ……, तळमजला, ……… इमारत, विश्रामबाग, सांगली. भ्रमणध्वनी: ………

विषय: उपाहारगृहाच्या जागेची तपासणी होऊन अग्निशमन ना हरकत दाखला मिळणेबाबत.

संदर्भ: ऑनलाइन अर्ज क्र. ………, दिनांक ………

महोदय,

वरील गाळा मी दिनांक ……… च्या नोंदणीकृत भाडेकराराने घेतला असून तेथे शाकाहारी थाळी व नाष्ट्याचे उपाहारगृह सुरू करणार आहे. व्यवसाय परवान्यासाठी आपल्या विभागाचा ना हरकत दाखला आवश्यक आहे. जागामालकांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

इमारत तळमजला अधिक दोन मजले अशी असून वरील दोन्ही मजल्यांवर सदनिका आहेत. गाळ्याचे क्षेत्र सुमारे 600 चौरस फूट आहे. त्यात जेवणाची जागा 432 चौरस फूट व स्वयंपाकघर 168 चौरस फूट आहे. बैठक 24 व्यक्तींची असून कर्मचारी 5 आहेत. गाळ्यात पूर्वी असलेला, मंजूर नकाशात नसलेला पोटमाळा काढून टाकला आहे. त्यानंतरची छायाचित्रे जोडली आहेत.

बाहेर पडण्यासाठी दोन मार्ग आहेत. दर्शनी बाजूस 10 फूट रुंदीचे प्रवेशद्वार रस्त्यावर उघडते. स्वयंपाकघराच्या मागील बाजूस साडेतीन फूट रुंदीचा दरवाजा मोकळ्या बोळात बाहेरच्या बाजूस उघडतो.

स्वयंपाकासाठी 19 किलोचे व्यावसायिक एलपीजी सिलिंडर वापरणार आहे. एका वेळी जास्तीत जास्त 4 सिलिंडर, म्हणजे 76 किलो, ठेवले जातील. ते इमारतीबाहेर, मागील बोळात, हवेशीर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले आहेत. तेथून स्वयंपाकघरापर्यंत पक्की पाइपलाइन असून पिंजऱ्याजवळ व शेगडीजवळ बंद करण्याचे व्हॉल्व्ह आहेत.

आग विझवण्यासाठी स्वयंपाकघरात के टाइप 1, प्रवेशद्वाराजवळ एबीसी पावडर 6 किलो 1, मीटर बोर्डजवळ कार्बन डायऑक्साइड 4.5 किलो 1 अशी उपकरणे व वाळूच्या 2 बादल्या आहेत. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ए सोबत जोडला आहे.

जागेची तपासणी आपल्या सोयीच्या दिवशी करावी. तपासणीत काही त्रुटी आढळल्यास लेखी कळवाव्यात, मी त्यांची पूर्तता करून पुन्हा कळवीन. दाखला मिळावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सहपत्रे: भाडेकरार, मालकाचे संमतीपत्र, घरपट्टीची पावती, इमारतीचा मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र, गाळ्याचा आराखडा, गॅस जोडणीची कागदपत्रे, एजन्सीचा परवाना व फॉर्म ए, छायाचित्रे, शुल्क भरल्याचे चलन.

या पत्रातले प्रत्येक वाक्य डोळ्याने किंवा टेपने पडताळता येते. अधिकारी गाळ्यात उभा राहून एकेक ओळ वाचत समोर बघू शकतो. "सर्व खबरदारी घेतली आहे" हे वाक्य आम्ही लिहिलेच नाही, कारण ती पुरेशी आहे की नाही हे ठरवणे त्यांचे काम आहे. पोटमाळ्याबद्दल मुद्दाम लिहिले, कारण भिंतीवर बीमच्या खुणा दिसतच होत्या, आणि त्या दिसल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. "लेखी कळवाव्यात" हे शब्दही मी दर वेळी ठेवतो. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या खेपेला बदलते, लेखी बदलत नाही.

सहपत्रांतला गाळ्याचा आराखडा बहुतेक जण विसरतात. त्याला आर्किटेक्ट लागतोच असे नाही, कागदावर मोजमापासह काढलेली साधी आकृती सुरुवातीला पुरते, विभागाने मागितली तर मग आर्किटेक्टकडून घ्या. त्यात दोन्ही दरवाजे, टेबले, शेगडी, सिलिंडरचा पिंजरा, मीटर बोर्ड आणि तिन्ही उपकरणे दाखवायची. पत्रातले आकडे आणि आकृतीतले आकडे एकच असले पाहिजेत. पत्रात सहा टेबले आणि आकृतीत आठ, असे एकदा माझ्याच हातून झाले होते, जुनी आकृती जोडली गेली आणि खुलासा द्यावा लागला.

पत्र प्रत्यक्ष देत असाल तर दोन प्रती न्या. दुसरीवर आवक शिक्का, दिनांक आणि क्रमांक घ्या. तुमच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित असेल, तर ठरलेल्या मुदतीत निर्णय मिळण्याचा हक्क आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, आणि त्यावर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. मुदत अर्ज पूर्ण कागदपत्रांसह पोचल्यापासून मोजतात, म्हणून एक कागद कमी असला की सगळेच लांबते.

ताईंच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद पाच मिनिटांत बघितले. मग स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारले, "गॅसचा वास आला तर पहिले काय कराल?" आचारी म्हणाला, "एक्झॉस्ट फॅन लावीन." अधिकारी थांबले आणि शांतपणे समजावून सांगितले, की बटण दाबताना ठिणगी पडते, तेव्हा कुठलेच बटण चालू किंवा बंद करायचे नाही. आधी शेगड्या विझवा, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, दारे-खिडक्या उघडा, गिऱ्हाइकांना बाहेर काढा, आणि बाहेर आल्यावर 101 ला फोन करा. मग त्यांनी वाढप्याला भिंतीवरचे एबीसी उपकरण उतरवायला लावले. पिन कुठली, दाब दाखवणारा काटा हिरव्या भागात आहे का, नळी कुठे धरायची, हे त्याच्याकडून वदवून घेतले. पिन प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली असते आणि ती पिळून ओढली की तुटते, हे त्याला माहीतच नव्हते.

त्यांनी दोन त्रुटी लिहून दिल्या. मीटर बोर्डाखाली पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली होती, ती हलवायची. आणि सर्व कर्मचाऱ्यांना उपकरणे चालवायचे प्रात्यक्षिक देऊन तसा कागद सादर करायचा. खोकी त्याच संध्याकाळी हलली. प्रात्यक्षिक एजन्सीने मागच्या बोळात एका जुन्या पत्र्याच्या डब्यात आग लावून दिले, पाचही जणांनी एकेकदा उपकरण चालवले. वापरलेले उपकरण भरून आणले, कारण एकदा दाबलेले उपकरण अर्धे शिल्लक दिसले तरी हळूहळू दाब सोडते. पूर्ततेचे दुसरे पत्र तीन ओळींचे होते. आधीच्या आवक क्रमांकाचा संदर्भ, दोन्ही त्रुटी कोणत्या तारखेला दूर केल्या ते, आणि सोबत दोन छायाचित्रे.

दाखला मिळाल्यावर त्यावरच्या अटी ताईंनी मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरमागे लावल्या. बैठक 24, सिलिंडर 4, मागचा दरवाजा मोकळा. जुलैत एजन्सीचा माणूस येऊन गेला आणि फॉर्म बी विभागात जमा झाला. दिवाळीनंतर त्यांना तंदूर बसवायचा आहे. भट्टी आली की स्वयंपाकघराचा आराखडा बदलणार, धूर बाहेर काढायची सोय बदलणार, म्हणून भट्टीची ऑर्डर द्यायच्या आधी विभागाला नव्या आकृतीसह पत्र जाईल. परवा त्या टेप घेऊन आल्या होत्या, भिंतीपासून किती अंतर सोडायचे ते विचारायला.